फॉरमॅट मारला म्हणजे फोटो गेले? कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

(भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)



आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. सांगलीकडचा मुलगा आहे, लग्नाच्या आणि बारशाच्या ऑर्डरी घेतो. नवीन कॅमेरा घेतलाय, म्हणून जुना कॅननचा कॅमेरा विकायला काढलाय. बरोबर एक लेन्स, बॅटऱ्या आणि ६४ जीबीची दोन कार्डं. गिऱ्हाईक रविवारी येणार आहे. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, दोन्ही कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारलीत, एवढं पुरेसं आहे ना?"

उत्तरही एका ओळीत देतो. तुझ्या स्वतःच्या पुढच्या ऑर्डरीसाठी पुरेसं आहे. दुसऱ्याच्या हातात कार्ड द्यायचं असेल तर नाही.

आणि या 'नाही'मध्ये बरंच काही आहे. कारण त्या कार्डावर त्याचे स्वतःचे फोटो नाहीतच. कुणाच्या तरी नवरीचे तयार होतानाचे फोटो आहेत, कुणाच्या तान्ह्या बाळाचे आहेत. ज्यांचे आहेत त्यांना कार्ड विकलं जातंय याचा पत्ताही नाही. त्यामुळे आज आपण तीन गोष्टी नीट वेगळ्या करून बघू: डिलीट म्हणजे काय होतं, फॉरमॅट म्हणजे काय होतं, आणि पूर्ण पुसणं म्हणजे काय.

सोसायटीची पाटी

कार्डावर फोटो कसा राहतो ते आधी समजून घेऊ. एखाद्या सोसायटीच्या जिन्याखाली नावांची मोठी पाटी असते ना? १०१ कुलकर्णी, १०२ शेख, १०३ पाटील. पाटी बघून पोस्टमन ठरवतो की कुठल्या फ्लॅटवर जायचं. कार्डावरही अगदी सुरुवातीच्या भागात अशी एक पाटी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं की IMG_2041.JPG नावाचा फोटो आहे, तो अमुक ठिकाणापासून सुरू होतो आणि एवढा मोठा आहे. प्रत्यक्ष फोटो मात्र त्या पाटीवर नसतो. तो फ्लॅटमध्ये, म्हणजे कार्डाच्या बाकीच्या मोठ्या जागेत असतो.

या पाटीची मांडणी ठरलेली असते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर बहुधा FAT32 नावाची मांडणी असते, त्याहून मोठ्या कार्डावर exFAT. आपल्या मित्राचं कार्ड ६४ जीबीचं, म्हणजे exFAT.

आता तुम्ही कॅमेऱ्यात एक फोटो डिलीट केला. काय होतं? exFAT मध्ये त्या फोटोच्या नोंदीतला 'ही नोंद वापरात आहे' असं सांगणारा एक बिट असतो, तो १ चा ० होतो. शिवाय कुठली जागा भरलेली आणि कुठली रिकामी याचा एक तक्ता असतो, त्यात त्या फोटोची जागा 'रिकामी' अशी दाखवली जाते. बस. जुन्या FAT32 वर तर नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडलं जातं आणि जागेची साखळी सोडून दिली जाते. म्हणूनच फोटो परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कधी कधी `?MG_2041.JPG` असं नाव दिसतं. पहिलं अक्षर गेलेलं, बाकी सगळं जागेवर.

फोटोचं काय झालं? काहीच नाही. ८ एमबीचा फोटो म्हणजे साधारण साडेसहा कोटी बिट. त्यातला एकही हलला नाही. पाटीवरून कुलकर्ण्यांचं नाव पुसलं, पण कुलकर्णी कुटुंब आत जेवायला बसलेलं आहे. त्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू येईपर्यंत ते तिथेच राहणार.

कॅमेरा असं का करतो? वेळेसाठी. साडेसहा कोटी बिट पुसत बसण्यापेक्षा एक नोंद बदलणं कधीही झटपट. आणि जागा तर लगेच मोकळी झाल्यासारखी वापरता येते. कंपनीच्या दृष्टीने यात फसवणूक नाही. कॅननच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की कार्ड फॉरमॅट केलं किंवा फोटो मिटवले तरी फक्त फाइलींच्या व्यवस्थेची माहिती बदलते, खरी माहिती पूर्ण मिटत नाही, विकताना काळजी घ्या. आपण ते पान उघडत नाही, एवढंच.

मोबाइलवरून डिलीट केलं तर आणखी एक घोळ

तुमच्यातले बरेच जण कार्ड रीडर लावून मोबाइलमध्येच फोटो बघतात, किंवा मोबाइलच्या खाचेतच कार्ड टाकतात. अँड्रॉइड ११ पासून गॅलरीत फोटो 'ट्रॅश'मध्ये टाकला की बऱ्याचदा तो डिलीटही होत नाही. त्याचं नाव फक्त बदलतं. नावाच्या पुढे `.trashed-` असं लागतं, आणि नावाची सुरुवात टिंबाने झाली की फाइल लपवली जाते. साधारण ३० दिवस ती तशीच कार्डावर पडून असते. त्याच अवस्थेत कार्ड दुसऱ्याला दिलंत, तर समोरच्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागणार नाही. फाइल मॅनेजरमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा म्हटलं की फोटो समोर.

मॅकवरही असंच आहे. कार्डावरचा फोटो कचरापेटीत टाकला की तो कार्डावरच `.Trashes` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. म्हणूनच काही जण तक्रार करतात की सगळं डिलीट केलं तरी कार्ड भरलेलंच दाखवतं.

मग फॉरमॅट म्हणजे?

डिलीटमध्ये पाटीवरचं एक नाव पुसलं. फॉरमॅटमध्ये अख्खी पाटी उतरवून तिच्या जागी नवी कोरी पाटी लावली. फरक एवढाच. सगळे फ्लॅट 'रिकामे' म्हणून जाहीर झाले, पण दारं उघडून कुणी आत गेलंच नाही.

हे कळण्याची सोपी खूण म्हणजे वेळ. ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यात दोन-तीन सेकंदांत फॉरमॅट होतं. तुमच्या कार्डावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबी धरा. ६४ जीबी म्हणजे ६४,००० एमबी. भागिले ३०, म्हणजे २,१३३ सेकंद, साधारण ३५ मिनिटं. सगळं कार्ड खरोखर लिहून काढायला एवढा वेळ लागणारच. जे काम तीन सेकंदांत उरकलं, त्यात अख्ख्या कार्डावर नव्याने काही लिहिलं गेलेलं नाही.

म्हणजे फॉरमॅट निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. स्वतःच्या वापरासाठी प्रत्येक ऑर्डरीआधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारणं ही चांगली सवय आहे. एकेक फोटो डिलीट करत राहिलं की कार्डावर रिकाम्या जागेचे तुकडे तुकडे होतात, कॉम्प्युटरने टाकलेल्या लपलेल्या फाइली उरतात. शिवाय किल्लीचं चिन्ह लावून सुरक्षित केलेले फोटो 'सगळे मिटवा' म्हटल्यावरही जात नाहीत, फॉरमॅटमध्ये मात्र तेही यादीतून जातात. कॅमेऱ्याला हवी तशी स्वच्छ पाटी मिळते. यासाठी फॉरमॅट. गुप्ततेसाठी नाही.

करून बघितलं तेव्हा

नुसतं सांगण्यापेक्षा, या भागासाठी एका ६४ जीबी कार्डावर मी हे करून पाहिलं. घरातल्या कुंड्या, पुस्तकं, खिडकीबाहेरचं झाड असे ३०० जेपेग फोटो काढले. प्रत्येक साधारण ८ एमबीचा, म्हणजे सगळे मिळून जेमतेम अडीच जीबी. मग कॅमेऱ्यात साधा फॉरमॅट मारला. कॅमेरा म्हणाला, एकही फोटो नाही. कॉम्प्युटरला लावलं, तिथेही कार्ड रिकामं.

मग `PhotoRec` चालवलं. हे क्रिस्तोफ ग्रेनिये यांनी लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. त्याची गंमत अशी की ते पाटी वाचतच नाही. ते सरळ एकेका फ्लॅटचं दार ढकलून आत डोकावतं. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात `FF D8 FF` या ठरलेल्या खुणेने होते. ती खूण दिसली की ते म्हणतं, इथे फोटो सुरू होतोय, आणि तिथून पुढचं उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्या फोल्डरचं नाव `recup_dir.1`.

पंधरा मिनिटांच्या आत ३०० च्या ३०० फोटो परत आले. नावं गेली होती. त्यांच्या जागी f आणि पुढे लांबलचक आकडा अशी नावं होती. पण फोटोच्या आत कॅमेरा जी माहिती लिहितो ती शाबूत होती: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल. जीपीएस चालू असतं तर घराचा पत्ताही मिळाला असता.

मग पुढची पायरी. त्याच कार्डावर ४० नवीन फोटो काढले आणि पुन्हा शोध घेतला. आता ४० नवे आणि २६० च्या आसपास जुने मिळाले. फॉरमॅटनंतर कॅमेरा पुन्हा सुरुवातीपासून लिहायला लागतो, त्यामुळे सुरुवातीचे ४० फ्लॅट नव्या भाडेकरूंनी भरले आणि तिथले जुने फोटो कायमचे गेले. मागचे तसेच राहिले. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. एकदा भरलेलं कार्ड तुम्ही फॉरमॅट मारून वर्षभर थोडं थोडं वापरत असाल, तर त्याच्या शेवटच्या भागात वर्षापूर्वीचे फोटो असू शकतात. म्हणजे 'मी त्यानंतर कितीतरी वेळा वापरलंय' हे उत्तर चालत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळे कॅमेरे सारखं वागत नाहीत. काही कॅमेरे साध्या फॉरमॅटमध्येच कार्डाला 'आतलंही मिटव' अशी आज्ञा देतात, मग `PhotoRec` ला काहीच मिळत नाही. मोठ्या व्हिडिओ फाइली तुकड्यांत लिहिलेल्या असतील तर त्याही धड जोडल्या जात नाहीत. पण आपल्या कॅमेऱ्याचं काय, हे अंदाजाने ठरवू नका. तपासून बघता येतं, आणि ते कसं तेही सांगतो.

शंभर कार्डांची गोष्ट

हे फक्त माझ्या टेबलावर घडतं असं नाही. २०१८ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या संशोधकांनी ईबे, लिलाव आणि जुन्या वस्तूंची दुकानं अशा ठिकाणांहून १०० वापरलेली मेमरी कार्डं विकत घेतली आणि आत काय उरलंय ते पाहिलं. ३६ कार्डांवर मालकाने काहीच पुसलेलं नव्हतं. २ कार्डांवर डिलीट केलेलं होतं, पण सहज परत आलं. आणि २९ कार्डं फॉरमॅट केलेली होती, तरी थोड्याशा खटपटीत त्यांच्यावरची माहिती निघाली. नीट पुसलेली अशी २५ च निघाली.

मला त्यातल्या २९ लोकांचं जास्त वाटतं. ३६ जणांनी निष्काळजीपणा केला असं म्हणता येईल. पण या २९ जणांनी आपल्या मते काळजी घेतली होती. त्यांनी मेनूत जाऊन फॉरमॅट दाबलं, 'सर्व डेटा नष्ट होईल' अशी सूचना वाचली, 'ओके' म्हटलं आणि निर्धास्तपणे कार्ड विकलं. आपला सांगलीचा मित्र आज नेमका याच २९ जणांच्या रांगेत उभा आहे.

पूर्ण पुसायचं कसं?

आता काम. पहिली अट: आधी बॅकअप तपासा. पूर्ण पुसलेलं कार्ड कुठल्याही दुकानात नेलंत तरी ते फोटो परत मिळत नाहीत. ऑर्डरीचे फोटो दोन ठिकाणी आहेत, आणि ते उघडताहेत, हे दहा-वीस फोटो उघडून बघा. मग पुढे जा.

मार्ग तीन आहेत. तुमच्याकडे काय आहे त्यावर निवडा.

पहिला, कॉम्प्युटर असेल तर. एसडी कार्डांचे नियम ठरवणारी एसडी असोसिएशन नावाची संस्था आहे. तिचं `SD Memory Card Formatter` नावाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर चालतं. त्यात दोन पर्याय दिसतात: `Quick format` आणि `Overwrite format`. आधीपासून `Quick` निवडलेलं असतं आणि इथेच लोक चुकतात. आपल्याला `Overwrite format` हवं. यात पाटी तर बदलतेच, पण प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन जुन्या सामानावर नवीन लिहिलं जातं. वर जो हिशेब केला तो इथे लागू होतो. चांगलं कार्ड आणि चांगला रीडर असेल तर अर्धा-पाऊण तास, स्वस्त रीडरवर सेकंदाला १० एमबीचा वेग मिळाला तर पावणेदोन तासांच्या आसपास. लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि झोप बंद ठेवा.

विंडोजमध्ये वेगळं सॉफ्टवेअर न घेताही हे होतं. कार्डावर राइट क्लिक, `Format`, आणि `Quick Format` समोरची खूण काढायची. विंडोज व्हिस्टापासून ही खूण काढली की विंडोज सगळ्या जागेवर शून्यं लिहितं. दोन्ही प्रकारांत एकच धोका आहे: चुकीचा ड्राइव्ह निवडणं. म्हणून बाकीचे पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क आधी काढून ठेवा आणि आकार बघून खात्री करा. ६४ जीबीचं कार्ड विंडोजला ५९ ते ६० जीबीचं दिसतं, त्याने घाबरू नका. मोजण्याची पद्धत वेगळी आहे म्हणून तसं दिसतं.

दुसरा मार्ग, कॅमेऱ्यातच. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत `Format card` उघडलं की खाली `Low level format` अशी चौकट असते. अनेक मॉडेलवर कचरापेटीचं बटण दाबलं की तिथे खूण येते. कॅननच्या म्हणण्यानुसार यात कार्डावरचे लिहिण्याजोगे सगळे सेक्टर मिटवले जातात, म्हणून साध्या फॉरमॅटपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. पण अर्धा तास लागत नाही. का? कारण कॅमेरा स्वतः ६४ जीबी लिहीत बसत नाही. तो कार्डालाच मिटवण्याची आज्ञा देतो आणि कार्डाच्या आतली चिप मोठमोठे ठोकळे एका झटक्यात मिटवते. हे चांगलं काम करतं. मात्र ते नीट झालं की नाही हे कार्डावरही अवलंबून असतं, म्हणून नंतर तपासणी करायचीच. जाता जाता, स्वतःचंच कार्ड मंदावल्यासारखं वाटत असेल तरी हा पर्याय उपयोगी पडतो.

तिसरा मार्ग, कॉम्प्युटर नाही आणि कॅमेऱ्यातही ही सोय नाही. मग सरळ देशी उपाय: कार्ड भरून टाका. आधी कॅमेऱ्यात साधा फॉरमॅट मारा, म्हणजे सगळी जागा मोकळी दिसेल. मग सर्वात जास्त दर्जाचा व्हिडिओ चालू करा आणि 'कार्ड भरलं' अशी सूचना येईपर्यंत चालू ठेवा. नवा भाडेकरू आला की जुना जाणारच.

याचाही हिशेब करू. तुमचा कॅमेरा ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने लिहीत असेल, तर भागिले ८, म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. ६४,००० भागिले १२.५, म्हणजे ५,१२० सेकंद. साधारण ८५ मिनिटं. तेच फुल एचडीला २८ मेगाबिट असेल तर पाच तास लागतील. म्हणून दर्जा जितका वरचा तितकं बरं. लेन्सला झाकण लावून रेकॉर्ड करू नका. काळ्या चित्रात माहितीच नसते, त्यामुळे बरेच कॅमेरे फाइल लहान करतात आणि कार्ड भरता भरत नाही. कॅमेरा फिरणाऱ्या पंख्याकडे किंवा वाऱ्यात हलणाऱ्या पानांकडे लावून ठेवा. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो, तेव्हा पुन्हा सुरू करावा लागेल. कॅमेरा तापला तर मध्ये थांबा. व्हिडिओ थांबल्यावरही थोडी जागा उरते, ती भरण्यासाठी सगळ्यात लहान आकाराचे जेपेग फोटो काढत राहा, जोवर कॅमेरा नाही म्हणत नाही तोवर. शेवटी पुन्हा एकदा साधा फॉरमॅट. आता कुणी `PhotoRec` चालवलंच, तर त्याला तुमच्या पंख्याचा व्हिडिओ मिळेल. मिळू दे.

झालं का, ते कसं ओळखायचं?

कॅमेऱ्याने 'फोटो नाहीत' म्हणणं हा पुरावा नाही, कारण कॅमेरा फक्त पाटी वाचतो. पुरावा म्हणजे समोरचा माणूस जे करू शकतो तेच स्वतः करून बघणं.

`PhotoRec` उघडा. यादीतून कार्ड निवडा, आकार बघून. मग फाइल सिस्टिमच्या प्रश्नावर `Other` निवडा. पुढे तो विचारेल, फक्त मोकळी जागा शोधू की सगळी? `Whole` निवडा. मिळालेलं कुठे ठेवायचं, तर कॉम्प्युटरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये. त्याच कार्डावर कधीच नाही. आणि वाट बघा.

`Overwrite format` नंतर माझ्या कार्डावर मिळालेल्या फाइली होत्या शून्य. तुमच्याकडेही शून्य यायला हवं. तिसऱ्या मार्गाने गेलात तर फक्त तुमचे भरतीचे व्हिडिओ आणि फोटो दिसले पाहिजेत. एकही जुना फोटो दिसला, तरी काम अपुरं आहे असं समजा आणि पहिल्या मार्गाने पुन्हा करा. ही तपासणी तुमच्याकडे कॉम्प्युटर नसेल तर मित्राच्या कॉम्प्युटरवर करा, पण करा. आणि मिळालेल्या फाइली त्याच्या कॉम्प्युटरवर सोडून येऊ नका.

एवढं करूनही कुठे थांबावं लागतं?

कार्डाच्या आत लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडी जास्त जागा असते. चिपचे भाग झिजतात, म्हणून कार्ड आलटून पालटून जागा वापरतं आणि काही ठोकळे राखीव ठेवतं. सोसायटीतल्या अशा खोल्या, ज्यांचा पाटीवरही नंबर नाही. आपण बाहेरून कितीही लिहिलं तरी त्या खोल्यांत जुन्या फोटोचा एखादा तुकडा राहू शकतो. तो `PhotoRec` ला दिसत नाही, रीडरलाही दिसत नाही. कार्ड फोडून थेट चिप वाचणाऱ्या प्रयोगशाळेलाच तो मिळू शकतो. जुना कॅमेरा घेणारा नेहमीचा ग्राहक तिथवर जात नाही. त्यामुळे लग्नाच्या फोटोंच्या कार्डासाठी एकदा पूर्ण लिहिणं आणि तपासणं एवढं व्यवहारात पुरतं.

पण काही कार्डं विकूच नयेत. एक, ज्यावर खरोखर नाजूक गोष्टी होत्या: कुणाचे खाजगी फोटो, पोलिस केसचं किंवा दवाखान्यातलं काही. दोन, बिघडलेलं कार्ड. काही कार्डं शेवटी शेवटी 'फक्त वाचा' अशा अवस्थेत जातात. फॉरमॅट मारला की झालं म्हणतात, पण काढून पुन्हा घातलं की जुने फोटो जसेच्या तसे. अशा कार्डावर लिहिताच येत नाही, म्हणजे पुसताही येत नाही. ते स्वस्तात काढून टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. प्लॅस्टिकचं कवच उघडून आतल्या काळ्या चिपचेच मजबूत कात्रीने किंवा पकडीने तीन-चार तुकडे करा. मायक्रो एसडी तर जवळपास सगळीच चिप असते, ती आडवी उभी कापा. जाळू नका, धूर विषारी असतो. तुकडे ई-कचऱ्यात.

आणि दुसऱ्या टोकाचा इशारा. हे पूर्ण पुसणं दर ऑर्डरीला करत बसू नका. कार्डाला लिहिण्याची ठरावीक आयुर्मर्यादा असते, उगाच भरून काढलं की ती खर्च होते. शिवाय स्वतःकडेच कार्ड आहे तोवर साध्या फॉरमॅटची ही 'कमतरता' तुमच्या फायद्याची आहे. चुकून फॉरमॅट मारला गेला, तर त्या क्षणी एकही फोटो न काढता कार्ड बाहेर काढा, बाजूची `LOCK` लिहिलेली कळ खाली सरकवा, आणि `PhotoRec` चालवा. जे विकताना धोक्याचं, तेच इथे वाचवणारं.

तर, रविवारच्या आधी

आपल्या मित्रासाठी क्रम असा. शुक्रवारी बॅकअप उघडून तपासायचा. शनिवारी दोन्ही कार्डं एकेक करून `Overwrite format` ला लावायची. मग `PhotoRec` ने दोन्ही तपासायची, दोन्हीवर शून्य आलं पाहिजे. शेवटी कार्ड कॅमेऱ्यात घालून एकदा साधा फॉरमॅट, म्हणजे घेणाऱ्याला कॅमेऱ्याच्या पद्धतीची कोरी पाटी मिळेल. आणि शनिवारी वेळच मिळाला नाही, तर कॅमेरा विका, कार्डं घरी ठेवा. ६४ जीबीच्या दोन जुन्या कार्डांनी सौद्यात फारसा फरक पडत नाही. 'कार्ड तुमचं तुम्ही घ्या' म्हटलं तर कुठलंही गिऱ्हाईक समजून घेतं.

तुमच्या कॅमेऱ्याच्या साध्या फॉरमॅटनंतर `PhotoRec` ला काय मिळालं, ते मॉडेलच्या नावासकट आम्हाला कळवा. पुरेशी उत्तरं आली तर पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. तोवर, नमस्कार.